नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण ते कुणाचे?

पत्र : मी ७१ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. पुण्यात सोसायटीतला फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तिथे नॉमिनी पत्नी. बँकेत २४ लाखांच्या पाच मुदत ठेवी आहेत, सगळ्यांना नॉमिनी मुलगा. बँकेत सोबत तोच यायचा, म्हणून त्याचं नाव लागलं. दुकानासाठी त्याला मी पूर्वीच मोठी रक्कम दिली आहे. आता फ्लॅट पत्नीला आणि ठेवींतला निम्मा वाटा मुलीला मिळावा असं वाटतं. मुलगा म्हणतो, नॉमिनेशन झालंय, मृत्युपत्र कशाला? शेजारी म्हणतात, मृत्युपत्र रजिस्टर केलं की जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं. खरं काय? गावी भावाकडे माझी ९२ वर्षांची आई आहे, वडील नाहीत. गावच्या जमिनीतही माझं नाव आहे.

उत्तर :

मुलाचंही बरोबर नाही आणि शेजाऱ्यांचंही नाही. बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं मयत खातेदारांचे क्लेम माझ्या टेबलावर यायचे. या दोन गैरसमजांनी दुरावलेली भावंडं मी त्या टेबलासमोर पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नॉमिनेशन ही तुम्ही बँकेला दिलेली सूचना आहे : मी गेल्यावर पैसे कुणाच्या हातात द्यायचे. मृत्युपत्र सांगतं की ते पैसे कुणाचे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५-झेडए खाली बँक नॉमिनीला रक्कम देते आणि तिथे बँकेची जबाबदारी संपते. नॉमिनी मात्र त्या रकमेचा मालक होत नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांच्या वतीने तो ती स्वीकारतो. सर्वोच्च न्यायालयाने राम चंदर तलवार खटल्यात २०१० साली बँक ठेवींबद्दल नेमकं हेच सांगितलं. शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात तोच निकाल आला. तेव्हा उद्या तुमच्या मुलाच्या खात्यात २४ लाख जमा झाले, तरी कायद्याने ते सगळे त्याचे होत नाहीत.

मग नॉमिनी कुणीही असला तरी काय फरक पडतो, असं वाटेल. फरक पडतो, आणि तो कायद्याच्या पुस्तकापेक्षा काउंटरवर जास्त दिसतो. एका शाखेत असताना माझ्यासमोर एक बाई आल्या. त्यांचे पती ५२व्या वर्षी गेले होते. ठेवींना नॉमिनी होता पतीचा धाकटा भाऊ, लग्नाआधी लावलेला, पुढे कुणी बदललाच नाही. बाईंच्या हातात पतीचं रजिस्टर मृत्युपत्र होतं आणि त्यात सगळ्या ठेवी पत्नीला असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, आणि तरीही पैसे दिराला दिले. द्यावेच लागले. त्याच कायद्याच्या पुढच्या कलमानुसार, म्हणजे ४५-झेडबीनुसार, ठेवीवर दुसऱ्या कुणाचा दावा असल्याची सूचना बँकेला विचारात घेता येत नाही, बँक थांबते ती न्यायालयाच्या आदेशाने. दिराने पैसे परत दिले नाहीत, बाईंना दावा लावावा लागला. हक्क त्यांचा होता, पण तो मिळवण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या त्यांनाच चढाव्या लागल्या. तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं चुकीचं का, ते यातून कळेल. मृत्युपत्र बँकेच्या नोंदीतलं नॉमिनीचं नाव बदलत नाही. ते नाव बँकेत जाऊन तुम्हालाच बदलावं लागतं.

आता मुलाच्या मुद्द्याकडे. मृत्युपत्र नसेल तर काय होईल ते आकड्यांत पाहू. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून चालतो. (मुस्लिम कुटुंबांत हिशेब वेगळा असतो. तिथे सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापुढची मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही.) या कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबर आईही येते. बहुतेक लोक आईला विसरतात. तुमच्या पत्रातही आई शेवटच्या दोन ओळींत आली आहे, पण हिशेबात ती पहिल्या ओळीत आहे. म्हणजे वाटे तीन नाहीत, चार. २४ लाखांचे प्रत्येकी ६ लाख. फ्लॅटचेही चार भाग, आणि ज्या घरात तुमच्या पत्नी इतकी वर्षं राहिल्या त्यातला फक्त पाव हिस्सा त्यांचा.

गोष्ट इथे थांबत नाही. आईंच्या नावे आलेला पाव हिस्सा, त्यांनी स्वतः मृत्युपत्र केलं नसेल तर, त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलांकडे जाईल. म्हणजे तुमचा भाऊ, बहिणी असतील तर त्या, आणि तुमच्या वाट्याला तुमची मुलं. मग पुण्यातला फ्लॅट विकायचा झाला की गावच्या भावाची आणि बहिणींचीही सही लागेल. कुणाच्याही मनात वाईट नसताना इतकी गुंतागुंत होते, केवळ एक कागद लिहिला नाही म्हणून.

फ्लॅटला पत्नी नॉमिनी आहेत, त्याने हे टळेल का? टळणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी नवं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. कायमचं हस्तांतर हवं असेल तर मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा सर्व हक्कदारांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. सोसायटीचा कारभार चालू राहावा, मेंटेनन्स कुणी भरायचा, सभेला कुणी यायचं, एवढ्यापुरतं नॉमिनेशन कामाचं आहे. फ्लॅट विकताना खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की बाकीच्या वारसांचं काय? त्या प्रश्नाला तुमचं मृत्युपत्र उत्तर देईल.

गावच्या जमिनीला तर नॉमिनेशन ही सोयच नाही. सातबारावर नॉमिनीचा रकाना नसतो. तिथे तलाठ्याकडे वारस नोंद होते किंवा मृत्युपत्रावरून फेरफार होतो, आणि फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ती जमीन वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्राने तुम्ही फक्त तुमचा स्वतःचा हिस्सा देऊ शकता. तेवढंच लिहा. ‘गट नंबर अमुक संपूर्ण’ असं लिहिलंत तर भावाशी नसलेलं भांडण सुरू कराल.

तर मृत्युपत्र करायचंच. आता ते कसं लिहायचं. वकिलाकडून लिहून घ्या, पण काय लिहायचं ते तुमच्या डोक्यात आधी स्पष्ट हवं.

पहिली चूक लोक करतात ती ठेवींचे नंबर लिहिण्याची. पाच ठेवपावत्यांचे नंबर टाकून अमुक पावती मुलीला, तमुक पत्नीला असं लिहितात. वर्षभरात एखादी ठेव मुदत संपून नव्या नंबरची होते, एखादी दवाखान्यासाठी मोडावी लागते, आणि मुलीच्या नावे लिहिलेली ठेव अस्तित्वातच राहत नाही. जे उरलं नाही ते मृत्युपत्राने मिळत नाही. म्हणून ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या नावे असलेल्या सर्व बँक ठेवी आणि खात्यांतील शिल्लक’ असं लिहून टक्क्यांत वाटणी करा. तुमच्या मनातलं पाहता मी सुचवेन : मुलीला ५० टक्के, पत्नीला ४० आणि आईंना १०. आजच्या आकड्यात १२ लाख, ९ लाख ६० हजार आणि २ लाख ४० हजार. तुम्ही आईंचा वाटा पत्रात मागितलेला नाही, तरी मी तो घालतो आहे. त्या आज भावाकडे आहेत. तुम्ही आधी गेलात तर त्यांच्या औषधपाण्याचा पूर्ण भार भावावर पडू नये. फ्लॅटमध्ये मात्र आईंचा वाटा ठेवू नका, तो पत्नीला संपूर्ण द्या.

‘संपूर्ण’ हा शब्द विचार करून वापरतो आहे. अनेक मृत्युपत्रांत आधी ‘फ्लॅट पत्नीला मालकी हक्काने’ असं लिहितात आणि पुढच्याच वाक्यात ‘तिच्या पश्चात मुलाला आणि मुलीला’. मग पत्नी मालक आहे की फक्त हयातभर राहण्याची हक्कदार, यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. त्यांना अडचणीत फ्लॅट विकता यावा असं वाटत असेल तर पूर्ण मालकी द्या आणि पुढचं त्यांच्यावर सोपवा. त्यांनी त्यांचं वेगळं मृत्युपत्र करावं. नाही केलं तरी त्यांच्या पश्चात मुलगा आणि मुलगी समान वारस आहेतच. आणि एक वाक्य हवंच : पत्नी माझ्याआधी वारली तर फ्लॅट कुणाला, आई माझ्याआधी गेल्या तर त्यांचे १० टक्के कुणाला. शिवाय ‘वर न लिहिलेली उर्वरित मालमत्ता’ कुणाची, तेही लिहा. नाही तर विसरलेलं एखादं खातं पुन्हा चार वाटण्यांत जाईल.

मुलाला ठेवींत काहीच मिळणार नाही, याचं कारण मृत्युपत्रातच लिहा. ‘मुलास दुकानासाठी मी हयातीत अमुक रक्कम दिली असल्याने त्यास ठेवींत वाटा ठेवलेला नाही’, एवढं पुरे, त्यात राग नको. जवळच्या वारसाला काहीही कारण न देता वगळलं की न्यायालय त्या मृत्युपत्राकडे जास्त बारकाईने पाहतं. रक्कम बँकेतून दिली असेल तर त्या वर्षीच्या खातेउताऱ्याची प्रत काढून ठेवा.

मग एक वाक्य असं, जे मी पाहिलेल्या बहुतेक मृत्युपत्रांत नव्हतं : ‘माझ्या ठेवींना नॉमिनी म्हणून ज्या कोणाचे नाव असेल, त्याने ती रक्कम केवळ विश्वस्त म्हणून स्वीकारून या मृत्युपत्रातील टक्केवारीप्रमाणे संबंधितांस द्यावी.’ बँक या वाक्याने बांधली जात नाही. पण नॉमिनीला ‘वडिलांनी मलाच दिले होते’ असं म्हणायला जागा उरत नाही.

रजिस्टर करायचं का? कायद्याने सक्ती नाही. साध्या कागदावरचं मृत्युपत्रही वैध असतं, स्टॅम्पपेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. वैध होण्यासाठी लागते ती तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आणि मग तुमच्यासमोर स्वतः सही केली. हा भाग चुकला तर रजिस्ट्रेशनही वाचवत नाही. तरीही तुमच्या बाबतीत मी नोंदणी कराच असं सांगेन, कारण एका वारसाला कमी मिळणार आहे आणि कागद खोटा आहे असं म्हणणं सगळ्यात सोपं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्यामुळे त्या तारखेला तुम्ही स्वतः तिथे होतात हे नाकारता येत नाही. मूळ प्रत हरवली तरी नोंद राहते. आणि तुम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल तुमच्याशिवाय कुणाला मिळत नाही, तेव्हा घरात आधीच वातावरण बिघडेल ही भीती नको. चालणं-फिरणं अवघड झालं असेल तर निबंधकांना घरी बोलावण्याचीही तरतूद कायद्यात आहे.

पण नोंदणीने काय होत नाही, तेही ऐका. तुम्ही शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय सही केली, हे नोंदणीने आपोआप सिद्ध होत नाही. वाद झालाच तर रजिस्टर मृत्युपत्रालाही निदान एका साक्षीदाराने न्यायालयात येऊन सांगावं लागतं की माझ्यासमोर सही झाली. म्हणून तुमच्या वयाचे मित्र साक्षीदार घेऊ नका. २० वर्षांनी ते कुठून आणणार? पन्नाशीच्या आतले, पत्ता पक्का असलेले दोघं निवडा. एक तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, आणि त्याच दिवसाचं त्यांचं प्रमाणपत्र सोबत जोडा की तुमची मानसिक स्थिती ठीक आहे. साक्षीदारांना मजकूर वाचायला देण्याची गरज नाही, सही पाहिली एवढं पुरे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि मुलीला त्या दिवशी कार्यालयात नेऊ नका, वकिलाची फीही तिच्या खात्यातून देऊ नका. ज्याचा फायदा आहे तोच सगळी धावपळ करताना दिसला की पहिला संशय तिथेच येतो. तुमची मुलगी कितीही सरळ असली तरी तिला या आरोपापासून आजच वाचवा.

मृत्युपत्र कधीही बदलता येतं, आणि शेवटच्या तारखेचं मृत्युपत्र आधीच्याला मागे टाकतं, मग शेवटचं साध्या कागदावरचं असलं तरी. म्हणून पुढे बदल केलात तर तोही रजिस्टरच करा. नाही तर रजिस्टर आधीचं आणि साधं नंतरचं यांची झुंज लागते.

बँकेकडे परत येतो, कारण अर्धं काम तिथे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ते एकाच वेळी टक्क्यांसह लावता येतात, किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा, अशा क्रमाने. (लॉकर असेल तर तिथे फक्त क्रमाची सोय आहे.) तुम्ही टक्क्यांची पद्धत घ्या : मुलगी ५०, पत्नी ५०. आईंचे १० टक्के नॉमिनेशनमध्ये वेगळे दाखवू नका. ९२व्या वर्षी त्यांना क्लेमच्या कागदांसाठी बँकेत आणणं योग्य नाही. पत्नी ते पैसे स्वीकारतील आणि मृत्युपत्रातल्या विश्वस्ताच्या वाक्याप्रमाणे आईंना देतील. मुलीचे पैसे मात्र थेट मुलीकडे जातील, भावाकडे मागायची वेळ तिच्यावर येणार नाही. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र जितकं जुळेल तितकं कुणाला कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागत नाही.

नॉमिनेशन माणसाचं नसतं, खात्याचं असतं. पाच ठेवी म्हणजे पाच वेळा बदल, शिवाय तुमचं बचत खातं आणि पेन्शनचं खातं. मोबाइलवरून काढलेल्या नव्या ठेवीला कधी कधी नॉमिनी लागलेलाच नसतो. बदल झाल्यावर प्रत्येक ठेवीची पोच मागा आणि पावतीवर नॉमिनीचं नाव छापून द्या असं सांगा. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म आणि ओळखपत्र एवढ्यावर काम होतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने क्लेम निकाली काढायचा असतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागू शकतं. त्यात नोटीस, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि तारखा, बरेच महिने जातात. म्हणून मृत्युपत्र केलं तरी नॉमिनेशन काढून टाकू नका.

क्रम असा ठेवा. याच आठवड्यात बँकेत जा. फॉर्म भरायचं काम तासाभराचं आहे, आणि आज रात्री काही झालं तर संपूर्ण २४ लाख मुलाच्या हातात जातील, हे लक्षात घ्या. मग वकिलाकडून मसुदा करून दोन साक्षीदारांसह नोंदणी करा. मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून, म्हणजे तुमच्या पश्चात ते अमलात आणणारा म्हणून, कुणाचं तरी नाव घाला, घराबाहेरचं पण घराला मान्य असलेलं. सोसायटीच्या कार्यालयात पत्नीचं नॉमिनेशन खरोखर नोंदलेलं आहे का, तेही रजिस्टर काढायला लावून पाहा. फॉर्म दिला होता पण समितीने नोंदवलाच नाही, असं सोसायट्यांत फार होतं. मूळ मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण तुमच्या पश्चात तो उघडण्यासाठीच कागद लागतील. ते घरात पत्नीच्या हाताशी ठेवा, एक प्रत व्यवस्थापकाकडे द्या, आणि नोंदणीचा दस्त क्रमांक व तारीख पत्नी आणि मुलीला लिहून द्या.